इअरबड्स फोनला जोडले जातात, टीव्हीला मात्र नाहीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतील बहुतेक घरांत टीव्ही जिथे असतो तिथेच कोणीतरी अभ्यास करीत असते, कोणीतरी रात्रपाळीहून येऊन झोपलेले असते आणि पातळ भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे तान्हे बाळ असते. फोनसाठी घेतलेले इअरबड्स रात्री टीव्हीलाही लावता आले तर सर्वांचीच सोय होईल, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि नेमके तिथेच घोडे अडते. टीव्ही बसवण्याचे व दुरुस्तीचे काम करताना याविषयी जे प्रश्न मला सतत येतात, ते साध्यापासून अवघडापर्यंत या क्रमाने येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागत असेल, तर तो पुन्हा न लिहिता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझे इअरबड्स फोनला क्षणात जोडले जातात. मग टीव्हीला का जोडले जात नाहीत? बिघाड बड्समध्ये आहे की टीव्हीमध्ये?

बहुतेक वेळा बिघाड कशातच नसतो. ब्लूटूथने दोन उपकरणे एकत्र काम करण्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी जमाव्या लागतात. पहिली गोष्ट ओळखीची, म्हणजे पेअरिंगची. तीत दोन्ही उपकरणे एकमेकांची खूण साठवून ठेवतात. दुसरी गोष्ट कामाची. ओळख झाल्यावर एकमेकांसाठी नेमके काय करायचे, हे आधी ठरलेल्या नियमावलीनुसार चालते आणि त्या नियमावलीला प्रोफाइल म्हणतात. संगीत पाठवण्याची प्रोफाइल वेगळी, फोनवरील संभाषणाची वेगळी, रिमोट व कीबोर्डची आणखी वेगळी.

स्टिरिओ आवाजासाठीच्या प्रोफाइलला ए-टू-डी-पी म्हणतात. माहितीपत्रकात ती `A2DP` अशी छापलेली दिसेल. तिच्यात दोन बाजू असतात: आवाज पाठवणारा तो सोर्स आणि आवाज घेणारा तो सिंक. इअरबड्स आवाज घेतात, म्हणून ते सिंक असतात. फोन सोर्स असतो, म्हणून त्यांचे जमते. टीव्हीमध्ये सोर्सची बाजू बसवलेली असेल तरच तो बड्सना आवाज पाठवू शकतो. ती नसेल, तर बड्स कितीही चांगले असले तरी पाठवणाराच नाही. नळ एकही नाही आणि बादल्या दोन, अशी ती स्थिती होते.

फोन जगभरातील गाड्या, घड्याळे, हेडसेट आणि स्पीकर यांच्याशी बोलण्यासाठीच बनवलेला असल्यामुळे त्यात यातील जवळजवळ सर्व प्रोफाइल असतात. टीव्ही बनवणारी कंपनी मात्र त्या मॉडेलला आवश्यक वाटतील तेवढ्याच प्रोफाइल घालते, आणि तो निर्णय पुढे आपल्याला निस्तरावा लागतो.

२. टीव्हीच्या खोक्यावर ‘ब्लूटूथ ५.०’ असे स्पष्ट लिहिले आहे. तेवढे पुरेसे नाही का?

नाही. हा आकडा ब्लूटूथच्या मूळ तांत्रिक आवृत्तीचा असतो. आवाज पाठवण्याची सोय आहे की नाही, हे तो सांगत नाही. ४.२ आवृत्तीचा जुना टीव्ही सोर्स असेल तर आजचे बड्स त्याला व्यवस्थित जोडले जातात आणि ५.० चा नवा टीव्ही सोर्स नसेल तर जोडले जात नाहीत.

व्यवहारात ‘ब्लूटूथ असलेले’ टीव्ही तीन प्रकारचे भेटतात. पहिल्या प्रकारात ब्लूटूथ फक्त रिमोटसाठी असते, म्हणजे बोलून शोधण्याचे बटण असलेला रिमोट जोडता यावा एवढ्यापुरते. दुसऱ्या प्रकारात टीव्ही आवाज घेतो: फोनवरील गाणी टीव्हीच्या स्पीकरवर वाजवता येतात, पण उलट दिशेने काही जात नाही. तिसऱ्या प्रकारात टीव्ही आवाज पाठवतो, आणि आपल्याला हवा असतो तो हाच. दुसऱ्या प्रकाराने सर्वांत जास्त फसगत होते, कारण दुकानात विक्रेता फोन जोडून गाणे वाजवून दाखवतो आणि ‘बघा, ब्लूटूथ चालते’ असे म्हणतो. ते खरेच चालत असते, फक्त आपल्याला हव्या असलेल्या दिशेच्या उलट. टीव्ही घ्यायला जाताना स्वतःचे बड्स खिशात घेऊन जावे आणि ते तिथेच जोडून पाहावेत.

३. माझा टीव्ही यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

सर्वांत आधी आवाजाचा मेनू पाहावा. सॅमसंगच्या स्मार्ट टीव्हीत ‘Sound Output’ मध्ये ‘Bluetooth Speaker List’ दिसली, किंवा एलजीच्या टीव्हीत ‘Sound Out’ मध्ये ब्लूटूथचा पर्याय दिसला, तर टीव्ही आवाज पाठवणारा आहे असे समजावे. आवाजाच्या मेनूत ब्लूटूथचे नावही नसेल आणि ते फक्त रिमोटच्या मेनूत असेल, तर टीव्ही बहुधा पहिल्या प्रकारातला असतो. अँड्रॉइड व गूगल टीव्हीमध्ये मात्र एवढ्यावरून निर्णय करू नये, कारण तिथे रिमोट आणि हेडफोन हे दोन्ही ‘Remotes & Accessories’ या एकाच ठिकाणाहून जोडले जातात.

त्यानंतर कंपनीच्या संकेतस्थळावरील त्याच मॉडेलचे माहितीपत्रक पाहावे. मॉडेल क्रमांक टीव्हीच्या मागील पट्टीवर असतो आणि त्यातील शेवटची दोन-तीन अक्षरेही तंतोतंत जुळवावीत, कारण एकाच मालिकेतील दोन मॉडेलांत हा फरक असू शकतो. प्रोफाइलच्या यादीत नुसते `HID` किंवा `HOGP` असेल, तर ती रिमोटची सोय आहे. `A2DP` असेल तरीही दिशा पाहिल्याशिवाय समाधान मानू नये.

अँड्रॉइड टीव्हीच्या बाबतीत ज्यांना संगणकाची सवय आहे त्यांच्यासाठी एक अधिक खात्रीचा मार्ग आहे. टीव्हीच्या ‘About’ मध्ये जाऊन ‘Build’ या ओळीवर सात वेळा दाबले की ‘Developer options’ उघडतात. तेथे डीबगिंग सुरू करून त्याच वायफायवरील, `adb` हे साधन बसवलेल्या संगणकातून पुढील आज्ञा द्याव्यात. पत्त्याच्या जागी आपल्या टीव्हीचा पत्ता लिहावा.

```
adb connect 192.168.1.20:5555
adb shell dumpsys bluetooth_manager
```

येणाऱ्या लांबलचक मजकुरात `A2dpService` हे नाव आढळले, तर पाठवणारी बाजू चालू आहे. केवळ `A2dpSinkService` आढळले, तर टीव्ही घेणारा आहे, आणि मग बड्सवर आणखी वेळ घालवू नये. थेट प्रश्न ९ कडे वळावे.

४. डबी उघडताच फोनवर बड्सचे चित्र येते. टीव्हीच्या यादीत मात्र नावच दिसत नाही. असे का?

फोनवर ते चित्र दिसणे आणि टीव्हीच्या यादीत नाव येणे, या दोन वेगळ्या वाटा आहेत. डबी उघडल्यावर बड्स कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवरून एक छोटीशी घोषणा करतात. ती ओळखण्याची विशेष व्यवस्था फोनमध्ये असते आणि पुढची जोडणी फोन स्वतः उरकतो. बहुतेक टीव्हींत ही व्यवस्था नसते. टीव्ही जुन्या पद्धतीने हाक मारतो आणि जे उपकरण पेअरिंग मोडमध्ये असेल तेच त्या हाकेला उत्तर देते. डबी नुसती उघडणे म्हणजे पेअरिंग मोड नव्हे.

दुसरी अडचण त्याहून नेहमीची आहे. डबी उघडताच बड्स सर्वांत आधी शेवटच्या ओळखीच्या फोनला शोधतात, आणि तो फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला असला तरी क्षणात त्याला जोडले जातात. एकदा जोडले गेले की ते टीव्हीच्या हाकेला उत्तर देत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवावा. घरातील ज्या ज्या फोनला आणि लॅपटॉपला हे बड्स कधी जोडले असतील, त्या सर्वांचे ब्लूटूथ बंद करावे. टीव्हीवर शोध सुरू करावा. मग बड्स पेअरिंग मोडमध्ये न्यावेत. बऱ्याच मॉडेलांत बड्स डबीत ठेवून, झाकण उघडे ठेवून डबीवरील बटण काही सेकंद दाबून धरावे लागते, तर काहींत दोन्ही बड्सच्या दांड्यांना एकाच वेळी स्पर्श करून धरावे लागते. दिवा स्थिर न राहता भराभर लुकलुकू लागला की मोड सुरू झाला, अशी खूण धरावी. हा मोड काही मिनिटांत आपोआप संपतो, त्यामुळे टीव्हीचा मेनू आधी उघडून ठेवणे सोयीचे असते.

यादीत एकाच बड्सची दोन नावे, एक `L` आणि एक `R` अशी दिसली, तर ते जुन्या रचनेचे आहेत आणि त्यांतील एक बड मुख्य असतो. मुख्य बड कोणता हे त्यांच्या कागदावर दिलेले असते. तोच निवडावा, दुसरा त्याच्याकडून आवाज घेतो.

५. टीव्हीवर ‘Paired’ असे येते, पण आवाज टीव्हीच्या स्पीकरमधूनच येतो. आता काय करावे?

प्रश्न १ मध्ये सांगितलेल्या दोन पायऱ्यांपैकी पहिली झाली आणि दुसरी झाली नाही, असा याचा अर्थ आहे. ‘Paired’ म्हणजे ओळख झाली. आवाज जाण्यासाठी ‘Connected’ दिसावे लागते. यादीतील बड्सच्या नावावर पुन्हा जाऊन ‘Connect’ निवडावे आणि आवाजाच्या मेनूत बाहेरचा मार्ग म्हणून बड्स निवडले गेले आहेत का, हे पाहावे. तिथे बराच वेळ प्रयत्न होऊन ‘Paired’ वरच परत येत असेल, तर टीव्हीमध्ये पाठवणारी बाजू नसण्याची शक्यता मोठी आहे. ती प्रश्न ३ मधील पद्धतीने तपासावी.

कधी कधी गुंता जुन्या नोंदीमुळेही होतो. बड्सना कारखान्याच्या मूळ स्थितीत आणल्यावर त्यांच्याकडील खूण पुसली जाते, पण टीव्हीकडे जुनी खूण तशीच राहते आणि दोघांची गाठ पडत नाही. अशा वेळी टीव्हीवरील नोंद ‘Forget’ किंवा ‘Unpair’ करून, टीव्ही भिंतीवरील बटणापासून एक मिनिट बंद ठेवून, सारे पहिल्यापासून करावे. रिमोटने बंद केलेला टीव्ही बहुधा पूर्ण बंद झालेला नसतो, म्हणून भिंतीवरील बटणाचा आग्रह.

६. माझे बड्स महागड्या कोडेकचे आहेत आणि टीव्ही साधा आहे. कोडेक जुळत नसल्यामुळे जोडणी होत नसेल का?

नाही. कोडेक म्हणजे आवाज पाठवण्यासाठी बांधण्याची आणि पलीकडे उलगडण्याची पद्धत. ए-टू-डी-पी मध्ये एसबीसी नावाचा कोडेक दोन्ही बाजूंना सक्तीचा आहे. बाकी काही जुळले नाही, तर दोघेही एसबीसीवर येतात. कोडेकमुळे आवाजाचा दर्जा आणि उशीर यांत फरक पडतो, जोडणी मात्र अडत नाही.

७. टीव्हीचा आवाज बड्समध्ये येतो, पण बड्सचा माईक टीव्हीवर चालत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्यांना माझे बोलणे ऐकू जात नाही.

ए-टू-डी-पी ही एकेरी वाट आहे. तिच्यावरून आवाज टीव्हीकडून कानाकडे जातो. माईकचा आवाज उलट नेण्याची सोय तिच्यात नाही. बोलणे आणि ऐकणे या दोन्हींसाठी हँड्सफ्री प्रोफाइल असते, माहितीपत्रकात `HFP` अशी लिहिलेली, आणि तिची जुनी बहीण `HSP`. ही प्रोफाइल फोन आणि गाडी यांच्यासाठी घडवली गेली. तिच्यात फोनची भूमिका करणाऱ्या बाजूला ऑडिओ गेटवे म्हणतात, आणि टीव्हीवर कॉल येत नसल्यामुळे ती बाजू बहुतेक टीव्हींत बसवलेलीच नसते. टीव्हीच्या माहितीपत्रकात ‘ब्लूटूथ हेडसेट चालतो’ असे लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ बहुधा ‘हेडसेटमध्ये ऐकू येईल’ एवढाच असतो. खरेदीपूर्वी हे वाक्य काळजीपूर्वक वाचावे.

समजा एखाद्या टीव्हीत ही बाजू असली, तरी तिची मर्यादा लक्षात घ्यावी. हँड्सफ्रीमध्ये आवाज एकपदरी, म्हणजे मोनो असतो आणि त्याचे बहुधा सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुने घेतले जातात. ए-टू-डी-पी मध्ये स्टिरिओ आवाजाचे ४४,१०० किंवा ४८,००० नमुने जातात. लॅपटॉपवर मीटिंग सुरू होताच बड्समधील गाण्याचा आवाज एकाएकी जुन्या लँडलाइनसारखा का होतो, याचे कारण हेच आहे. माईक चालू झाला की जोडणी एका प्रोफाइलवरून दुसरीवर जाते.

टीव्हीच्या रिमोटमधील माईक चालतो मग बड्सचा का नाही, असेही विचारले जाते. रिमोटचा माईक स्वतःच्या निराळ्या वाटेने काम करतो, हँड्सफ्रीने नव्हे. टीव्हीवर व्हिडिओ कॉल करायचा असेल, तर माईक असलेला यूएसबी कॅमेरा त्या टीव्हीला चालतो का, हे पाहावे आणि बड्स फक्त ऐकण्यासाठी ठेवावेत.

८. बाबांकडे एका कानात घालायचा जुना ब्लूटूथ हेडसेट आहे. तो फोनला चालतो. टीव्हीला चालेल का?

तो कोणत्या प्रोफाइलचा आहे, यावर ते अवलंबून आहे. फक्त कॉलसाठी बनवलेल्या जुन्या हेडसेटमध्ये हँड्सफ्री असते, पण ए-टू-डी-पी नसते. असा हेडसेट आवाज पाठवणाऱ्या टीव्हीलाही जोडला जाणार नाही, आणि पुढे सांगितलेल्या ट्रान्समीटरलाही नाही. परीक्षा सोपी आहे: तो फोनला जोडून फोनवर एखादे गाणे लावावे. कॉल ऐकू येतो पण गाणे फोनच्याच स्पीकरवर वाजते, असे झाले तर त्यात ए-टू-डी-पी नाही.

काही टीव्ही याहून थोडे वेगळ्या कारणाने नकार देतात. प्रत्येक ब्लूटूथ उपकरण आपली जात एका सांकेतिक आकड्याने सांगते. हेडसेट म्हणवणाऱ्याचा आकडा बहुधा `0x240404` आणि हेडफोन म्हणवणाऱ्याचा `0x240418` असा असतो. टीव्हीची शोधयादी ठरावीक जातींचीच नावे दाखवत असेल, तर एखादे उपकरण चालण्याजोगे असूनही यादीत येत नाही. म्हणूनच कधी कधी एका कंपनीचे बड्स टीव्हीवर लगेच दिसतात आणि शेजाऱ्यांचे दिसत नाहीत. यावर वापरणाऱ्याच्या हातात काही नसते. दुसरे बड्स किंवा ट्रान्समीटर, हेच दोन पर्याय उरतात.

९. टीव्ही आवाज पाठवू शकत नाही, हे नक्की झाले. सॉफ्टवेअर अपडेटने किंवा यूएसबीचा ब्लूटूथ डोंगल लावून ही सोय येईल का?

अपडेटच्या आशेवर थांबू नये. कंपनीने त्या मॉडेलसाठी लेखी सांगितले असेल तरच वाट पाहावी. संगणकासाठीचा यूएसबी डोंगलही उपयोगी पडत नाही, कारण त्याला चालवणारे सॉफ्टवेअर टीव्हीमध्ये नसते. टीव्हीच्या यूएसबीतून त्याला वीज मिळते, दिवाही लागतो, पण आवाज येत नाही. हवा असतो तो ऑडिओ ट्रान्समीटर. तो टीव्हीच्या आवाजाच्या सॉकेटमधून आवाज घेतो आणि स्वतः सोर्स बनून बड्सकडे पाठवतो. टीव्हीच्या ब्लूटूथशी त्याचा काहीही संबंध नसल्यामुळे ब्लूटूथ मुळीच नसलेल्या टीव्हीलाही तो चालतो.

१०. ट्रान्समीटर कसा निवडावा आणि कसा लावावा?

गिरगावातील माझ्या मावशीच्या घरचे उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात नेहमी येणाऱ्या जवळजवळ सर्व अडचणी आल्या. काकांचे डोळे लागायची वेळ आणि मावशीच्या मालिकेची वेळ एकच. मुलीने दिलेले बड्स मावशीच्या फोनला चालत होते. टीव्हीच्या यादीत मात्र फक्त रिमोटचे नाव यायचे, आणि तपासल्यावर तो टीव्ही पहिल्या प्रकारातला निघाला.

आधी टीव्हीच्या पाठीमागची सॉकेटे पाहिली. हेडफोनचे ३.५ मिलिमीटरचे भोक नव्हते. नव्या टीव्हींत ते पुष्कळदा नसते. चौकोनी, छोटी झडप असलेले ऑप्टिकल सॉकेट मात्र होते. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून ऑप्टिकल इनपुट असलेला ट्रान्समीटर आणला. ही खातरजमा दुकानात जाण्याआधीच करावी, कारण स्वस्त ट्रान्समीटरांत केवळ ३.५ मिलिमीटरचे इनपुट असते. त्यावर पाठवणे आणि घेणे या दोन्ही सोयी असतील, तर बाजूला `TX` व `RX` असा खटका असतो. तो `TX` वर हवा. इनपुट निवडण्याचा खटका असेल, तर तो `SPDIF` किंवा `OPT` वर हवा, `AUX` वर नको.

वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेतली. टीव्ही बंद होताच ट्रान्समीटरही बंद होतो आणि टीव्ही लावल्यावर तो स्वतःच बड्सना शोधतो, त्यामुळे मावशीला रोज वेगळे काही करावे लागत नाही. मग मावशीच्या फोनचे ब्लूटूथ बंद केले, बड्स पेअरिंग मोडमध्ये नेले, ट्रान्समीटरचे बटण दाबून धरले आणि दोन्ही एकमेकांजवळ ठेवले. ट्रान्समीटरला पडदा नसल्यामुळे यादीतून निवड करता येत नाही. पेअरिंग मोडमध्ये जे सापडेल त्याला तो जोडला जातो. शेजारच्या घरात कोणी त्याच वेळी नवे हेडफोन जोडत असेल, तर चुकीची गाठ पडू शकते, म्हणून दोन्ही उपकरणे जवळ ठेवणे महत्त्वाचे. दिवा स्थिर झाला, जोडणी झाली, आणि तरी आवाज नव्हता.

त्याची दोन कारणे निघाली. ऑप्टिकल केबलच्या एका टोकावर काचेसारखी पारदर्शक प्लास्टिकची टोपी राहून गेली होती. ती इतकी लहान असते की केबलचाच भाग वाटते. ती काढल्यावर केबलच्या टोकाशी लाल प्रकाशाचा ठिपका दिसला, म्हणजे टीव्हीकडून आवाज येत होता. दुसरे कारण आवाजाच्या स्वरूपाचे. टीव्हीचे ‘Digital Sound Output’ हे ‘Auto’ वर होते आणि सेट टॉप बॉक्सवरील त्या वाहिनीचा आवाज डॉल्बीच्या रूपात बाहेर जात होता. साध्या ट्रान्समीटरला डॉल्बी उलगडता येत नाही. त्याला `PCM`, म्हणजे न बांधलेल्या साध्या रूपातला डिजिटल आवाज, लागते. ते निवडताच आवाज आला. काही वाहिन्यांवर आवाज येतो आणि काहींवर येत नाही, अशी तक्रार असेल, तर हीच जागा आधी पाहावी.

शेवटची गोष्ट आवाज कमी-जास्त करण्याची. ऑप्टिकलमधून आवाज बहुतेक टीव्हींत ठरलेल्या पातळीने जातो, त्यामुळे रिमोटच्या बटणाचा त्यावर परिणाम होत नाही. मावशीच्या बड्सवर स्पर्शाने आवाज बदलता येतो, म्हणून निभावले. ज्यांच्या बड्सवर ती सोय नाही, त्यांनी आवाजाची बटणे असलेला ट्रान्समीटर घ्यावा.

११. बड्स टीव्हीला नव्हे, तर एचडीएमआयमधील स्टिकला जोडले. ओटीटीचा आवाज येतो, सेट टॉप बॉक्सचा येत नाही. का?

कारण बड्सना आवाज पाठवणारी स्टिक आहे, आणि सेट टॉप बॉक्सचा आवाज स्टिकमधून जातच नाही. तो दुसऱ्या एचडीएमआयमधून थेट टीव्हीत येतो. जे उपकरण सोर्स आहे, त्याच्याच आत तयार होणारा आवाज कानात येणार. केवळ ओटीटी पाहणाऱ्यांसाठी ही व्यवस्था उत्तम आणि कमी खर्चाची आहे: फायर टीव्ही स्टिकमध्ये ‘Controllers & Bluetooth Devices’ मधून, तर ॲपल टीव्हीमध्ये ‘Remotes and Devices’ मधून बड्स जोडता येतात. सर्वच मार्गांचा आवाज हवा असेल, तर बड्स टीव्हीला किंवा प्रश्न १० मधील ट्रान्समीटरला जोडावे लागतात.

याच नियमाचा उलटा फायदाही होतो. प्लेस्टेशन ५ ब्लूटूथ बड्स थेट घेत नाही, पण तो एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला असल्यामुळे बड्स टीव्हीला जोडल्यास खेळाचा आवाज ऐकू येतो. माईक मात्र चालत नाही. कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

१२. आवाज ओठांच्या मागे पडतो. टीव्हीतील आवाजाच्या उशिराचा पर्याय वाढवला, तर ते आणखी बिघडले.

तो पर्याय बहुतेक टीव्हींत आवाज आणखी मागे ढकलण्यासाठीच असतो, कारण एरवी चित्र उशिरा येते आणि आवाज आधी पोहोचतो. ब्लूटूथमध्ये उलट घडते: आवाज बांधून, पाठवून, बड्समध्ये साठवून उलगडण्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. म्हणून तो पर्याय शून्यावर आणावा. टीव्हीचा ‘Game Mode’ चालू असल्यास बंद करावा. तो चित्रावरील प्रक्रिया कमी करून चित्र लवकर दाखवतो, आणि आवाज मागे पडल्याचे अधिकच जाणवते.

टीव्हीच्या आतील ॲप पाहताना ओठ जुळतात आणि सेट टॉप बॉक्सवर जुळत नाहीत, हेही पुष्कळांच्या लक्षात येते. बड्स टीव्हीलाच जोडलेले असतील, तर ॲपला आवाजाचा उशीर कळतो आणि ते चित्र तेवढेच थांबवते. बाहेरून येणाऱ्या चित्राबाबत ही सोय सर्व टीव्हींत नसते, आणि बाहेरचा ट्रान्समीटर असेल तर टीव्हीला त्या उशिराची कल्पनाच नसते. कमी उशिराचा कोडेक घ्यायचा असेल, तर तो ट्रान्समीटर आणि बड्स या दोन्हींत असावा लागतो. एका बाजूला असून उपयोग नाही, कारण दुसरी बाजू त्यांना एसबीसीवर खाली आणते.

१३. बड्स एकाच वेळी दोन उपकरणांना जोडता येतात. टीव्ही आणि फोन असे ठेवले, तर फोनवरचा आवाज मध्येच येत नाही. का?

अनेक टीव्ही काही वाजत नसतानाही आवाजाचा प्रवाह चालू ठेवतात आणि बड्सना वाटते की टीव्ही अजून बोलतोच आहे. त्यामुळे फोनवर लावलेला व्हिडिओ त्यांना मागे ठेवावासा वाटतो. कॉल मात्र बहुधा येतो, कारण तो हँड्सफ्रीवरून येतो आणि त्याला प्राधान्य असते. फोनवर काही ऐकायचे असल्यास टीव्हीचा मेनू उघडून बड्स ‘Disconnect’ करणे, हा खात्रीचा उपाय आहे.

१४. आजींचे श्रवणयंत्र फोनला ब्लूटूथने जोडले जाते. ते टीव्हीला का सापडत नाही?

अनेक श्रवणयंत्रे बॅटरी वाचवण्यासाठी ए-टू-डी-पी वापरतच नाहीत. ती कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवरील स्वतंत्र पद्धतीने आवाज घेतात. त्या पद्धती आयफोन आणि अँड्रॉइड फोनमध्ये बसवलेल्या असतात, पण टीव्हींत क्वचितच आढळतात. त्यामुळे आवाज पाठवणारा टीव्ही आणि प्रश्न १० मधील साधा ट्रान्समीटर, दोन्ही येथे कामाचे नाहीत. श्रवणयंत्र बनवणाऱ्या कंपन्या टीव्हीला लावायची स्वतःची छोटी पेटी विकतात. ती ऑप्टिकल किंवा तत्सम सॉकेटमधून आवाज घेऊन त्याच कंपनीच्या यंत्राला समजेल अशा रीतीने पाठवते. यंत्राचे मॉडेल आणि टीव्हीमागील सॉकेटचे छायाचित्र घेऊन श्रवणतज्ज्ञांकडे गेल्यास योग्य पेटी एका फेरीत ठरते, आणि यंत्राशी तिची जोडणी करून देण्यास त्यांनाच सांगावे.